महिनाभरात कॉन्ट्रॅक्टचा आराखडा: विस्कटलेल्या नोट्स आणि निकालांची एक वही कशी करायची

हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक लागतं तेव्हा आमच्याकडे कापसाची वेचणी ऐन भरात असते. एलएलबीच्या पहिल्या वर्षी मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून यवतमाळला एसटीने जाऊन-येऊन शिकत होते. बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं. वेचणीला बाया मिळाल्या नाहीत की अख्खा दिवस गेला. महिना उरला तेव्हा कॉन्ट्रॅक्टच्या पेपरसाठी माझ्याजवळ काय होतं, तर दीड वही (तिच्यात मधेच खताच्या हिशेबाची दोन पानं), मैत्रिणीच्या वहीचे झेरॉक्स, फळ्याचे मोबाइलवर काढलेले फोटो, सरांनी वाचायला दिलेले कोर्टाचे नऊ निकाल आणि एका सिनिअरकडून आलेल्या पिवळ्या पडलेल्या नोट्स.

मी बसले आणि सगळं एका कोऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. 74 पानं झाली. आईनं पाहून म्हटलंही, "लय केलं बाप्पा पोरीनं." पेपरात एक गोष्टीवजा प्रश्न आला, त्यातल्या पोरानं वय खोटं सांगून उधारी केली होती. कोणत्या पानावर काय लिहिलंय ते डोळ्यांसमोर दिसत होतं, पण उत्तराची सुरुवात कुठून करायची ते सुचेना. जेमतेम पास झाले.

उतरवून काढलेली वही आणि आराखडा यांतला फरक मला तिथे कळला. वही सांगते की वर्गात काय काय बोललं गेलं. आराखडा सांगतो की प्रश्न हातात आल्यावर आधी काय तपासायचं, मग काय, आणि कुठे थांबायचं. पुढे लिहिलंय ते दुसऱ्या सेमिस्टरपासून मी जसं करत गेले तसं. उदाहरणाला भारतीय करार कायदा, 1872 मधलं एकच प्रकरण घेते, अज्ञानाशी, म्हणजे कायद्यानं सज्ञान न झालेल्याशी, केलेला करार. ते घ्यायचं कारण एवढंच की सगळ्यांच्या नोट्समध्ये सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो.

दिवसांची वाटणी

आमचे पाच पेपर होते. तीस दिवसांपैकी पहिले पंधरा आराखडे बांधायला, म्हणजे पेपरला तीन दिवस. पुढचे दहा जुन्या प्रश्नपत्रिकांवर ते घासून पाहायला, पेपरला दोन. उरलेले पाच छाटायला. तीन दिवसांत बांधून होत नसेल तर तुम्ही बहुतेक पुन्हा उतरवून काढायला लागलात असं समजा. कॉन्ट्रॅक्टच्या एका पेपरचा आराखडा हातानं लिहिलेली वीस-पंचवीस पानं व्हावा, त्याहून जास्त नको. अज्ञानाच्या प्रकरणाला त्यातलं दीड पान येतं.

मोबाइलवर टाइप करू नका असं मी सांगते. त्याचं पहिलं कारण भारनियमन आणि चार्जिंग. दुसरं असं की टाइप करताना चिकटवणं फार सोपं असतं, अन् चिकटवलेलं डोक्यात शिरत नाही. सुट्या कागदांवर एकाच बाजूला लिहा, म्हणजे पान बदलता येतं, मधे घालता येतं.

आधी सांगाडा, तोही नोट्समधून नाही

पहिल्या दिवशी नोट्स उघडायच्याच नाहीत. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि बेअर ॲक्ट, म्हणजे टीपांशिवाय नुसत्या कायद्याचं पुस्तक, एवढंच समोर घ्या. बेअर ॲक्ट नसेल तर indiacode.nic.in वर मूळ कायदा फुकट मिळतो. लागणारी कलमं तेवढी तालुक्याला जाऊन छापून आणा.

कारण साधं आहे. वर्गात विषय ज्या क्रमानं शिकवला जातो तो क्रम सुट्ट्या, सण आणि सरांच्या कोर्टाच्या तारखांनी ठरतो. आमच्याकडे कलम 68 दिवाळीनंतर झालं आणि कलम 11 सप्टेंबरात. दोन्ही एकाच प्रश्नात लागतात, पण वहीत त्यांच्यात चाळीस पानांचं अंतर. कायद्याची कलमं मात्र जागची हलत नाहीत.

अज्ञानाच्या प्रकरणाचा सांगाडा काढताना मी कलमं वाचून प्रश्नांच्या रूपात मथळे लिहिले:

> 1. तो अज्ञान होता का? (सज्ञानता कायदा 1875, कलम 3)
> 2. असेल तर कराराचं काय होतं? (कलम 10, 11)
> 3. त्यानं वय खोटं सांगितलं असेल तर?
> 4. त्याला मिळालेला पैसा किंवा वस्तू परत मागता येते का?
> 5. गरजेच्या वस्तू दिल्या असतील तर? (कलम 68)
> 6. अज्ञानाच्या बाजूनं करार असेल तर?
> 7. सज्ञान झाल्यावर त्यानं तो मान्य केला तर?

बस. हे सात प्रश्न म्हणजे दीड पानाचा सांगाडा. "अज्ञानाच्या कराराचे परिणाम" असा मथळा दिला असता तर त्याखाली काहीही कोंबता आलं असतं. मथळा प्रश्नाच्या रूपात असला की त्याखाली उत्तरच लिहावं लागतं, आणि उत्तर नसेल तर जागा रिकामी दिसते. 3, 4, 6 आणि 7 या मथळ्यांपुढे मी कलम लिहिलेलं नाही, कारण तिथे करार कायद्यात थेट उत्तर देणारं कलमच नाही. ती उत्तरं निकालांतून आणि दुसऱ्या कायद्यांतून येतात. परीक्षेतले अवघड प्रश्न तिथेच बसवलेले असतात, हे सांगाडा काढतानाच कळून जातं.

नोट्स ओतताना

आता नोट्स काढा. प्रत्येक सुट्या पानावर, झेरॉक्सवर तारीख टाका. माहीत नसेल तर मैत्रिणीच्या वहीशी जुळवून टाका. मग नोट्स एकदाच, सलग वाचत जा, आणि वाचताना समासात फक्त आकडा लिहा: ही ओळ सांगाड्यातल्या कोणत्या प्रश्नाची, 1 ते 7. कोणत्याच आकड्यात न बसणाऱ्या ओळीवर फुली मारा. माझ्या अकरा पानांतली चार पानं अशीच फुलीत गेली. त्यांत रोमन कायद्याचा इतिहास होता, सरांचे किस्से होते, अन् एकच व्याख्या तीन वेळा होती.

त्यानंतर मथळा घ्यायचा, त्या आकड्याच्या सगळ्या ओळी जमवायच्या आणि स्वतःच्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिहायच्या. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून आलं ते बारीक अक्षरात टाका. मी "न 12/9" लिहायचे, म्हणजे 12 सप्टेंबरच्या नोट्स. "नि 3/पा 4" म्हणजे तिसऱ्या निकालाचं चौथं पान. "सि" म्हणजे सिनिअरच्या नोट्स. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन ठिकाणी उलटसुलट लिहिलेलं सापडलं की याच खुणा उपयोगी पडतात. अन् ते सापडतंच.

माझ्याजवळ तीन ठिकाणी सापडलं.

पहिलं, वय. सिनिअरच्या नोट्समध्ये होतं की एरवी अठरा, पण कोर्टानं पालक नेमला असेल तर एकवीस. माझ्या नोट्समध्ये नुसतं अठरा. कोण बरोबर? सिनिअरचा नियम एके काळी खराच होता. 1999 च्या दुरुस्तीनं तो गेला आणि आता सगळ्यांसाठी अठरा पूर्ण. हातोहात फिरणाऱ्या नोट्समध्ये मेलेले नियम असे वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणून "सि" खूण असलेलं प्रत्येक वाक्य बेअर ॲक्टशी ताडून पाहिल्याशिवाय आराखड्यात घेऊ नका. त्याच नोट्समध्ये विबंधासाठी, म्हणजे एकदा सांगितलेल्यावरून मागे फिरता न येण्याच्या नियमासाठी, पुरावा कायद्याचं कलम 115 होतं. तो कायदा 1 जुलै 2024 पासून गेला आणि त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिथे हीच गोष्ट कलम 121 मध्ये आहे. जुने निकाल जुन्याच कलमानं बोलतात, म्हणून आराखड्यात दोन्ही आकडे शेजारी लिहा.

दुसरं, 12 सप्टेंबरला मी लिहिलं होतं, "अज्ञानाचा करार पूर्णपणे शून्य." पुढे एका पानावर, "अज्ञानाच्या फायद्याचा असेल तर चालतो." ही दोन्ही वाक्यं एकाच मथळ्याखाली ठेवली तर भांडतात. वेगळ्या मथळ्यांखाली ठेवली तर भांडण मिटतं. पहिलं मथळा 2 चं आहे: अज्ञानावर जबाबदारी टाकणारा करार शून्य, त्याच्यावर दावा चालत नाही. दुसरं मथळा 6 चं: अज्ञानानं आपल्या बाजूचं सगळं आधीच पूर्ण केलं असेल, म्हणजे त्याच्यावर आता काही करायचं उरलेलं नसेल, तर तो समोरच्याकडून वसूल करू शकतो. याला मद्रास हायकोर्टाचा 1916 चा राघवाचारियार विरुद्ध श्रीनिवास हा निकाल आहे. तिथे अज्ञानानं कर्जाची पूर्ण रक्कम देऊन टाकली होती आणि गहाण त्याच्या नावानं लिहून घेतलं होतं. कोर्टानं ते गहाण अंमलात आणता येतं असं धरलं. याच्या उलट बाजूला मुंबई हायकोर्टाचा 1949 चा राजरानी विरुद्ध प्रेम अदीब. मुलीच्या वतीनं बापानं सिनेमात कामाचा करार केला होता, तो तिला अंमलात आणता आला नाही, कारण तिनं पुढे काम करायचं वचन दिलं होतं आणि अज्ञानाचं वचन हे प्रतिफल, म्हणजे कराराच्या बदल्यात दिलेला मोबदला, होत नाही. "फायद्याचा असेल तर चालतो" या ओळीवर विसंबून मी राजरानीचं उत्तर चुकीचं दिलं असतं.

तिसरं भांडण निकालांच्या आतलं होतं. त्याकडे आता येते.

निकाल वाचून तीन ओळी

नऊ निकाल पूर्ण वाचायला महिना पुरणार नाही, आणि पुरला तरी तसं करू नका. परीक्षेला निकालातून तीन गोष्टी लागतात: कोणत्या वस्तुस्थितीवर सगळं फिरलं, कोर्टानं काय ठरवलं, आणि काय ठरवलंच नाही. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. मार्क मात्र तिथे असतात.

मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल म्हणजे तेव्हाचं लंडनचं शेवटचं अपील कोर्ट, 1903. करार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या नोट्समध्ये हा असतो, आणि बहुतेकांच्या नोट्समध्ये एकाच ओळीत असतो: अज्ञानाचा करार शून्य. मी इंटरनेटवरून मूळ निकाल काढला. indiankanoon.org वर नाव टाकलं की जुने निकालही बरेच सापडतात. वाचायला पाऊण तास लागला.

गोष्ट अशी. कलकत्त्याच्या धर्मोदासनं 1895 मध्ये आपली घरं एका सावकाराकडे 20,000 रुपयांना गहाण टाकली. तेव्हा तो अज्ञान होता. सावकार स्वतः हजर नव्हता. त्याच्या वतीनं व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला मुलाच्या आईकडून कळवलं गेलं होतं की मुलगा अज्ञान आहे, त्याला पैसे देणारा स्वतःच्या जोखमीवर देईल. तरी व्यवहार झाला. मग आईनं मुलाच्या वतीनं गहाणखत रद्द करण्याचा दावा लावला. सावकार वारला, पुढे मोहोरी बीबी लढली.

हे वाचल्यावर "वकिलाला माहीत होतं" या वस्तुस्थितीखाली मी रेघ मारली. कारण सावकाराची बाजू म्हणत होती की मुलानं वय खोटं सांगितलं, आता त्याला उलटता येणार नाही, म्हणजे विबंध लागतो. प्रिव्ही कौन्सिलनं म्हटलं, खरं काय ते दोघांनाही माहीत असेल तर विबंधाचा प्रश्नच नाही. म्हणजे खोटं बोलून समोरच्याला खरंच फसवणाऱ्या अज्ञानाचं काय, हे मोहोरी बीबीनं ठरवलंच नाही! माझ्या नोट्समध्ये आणि मैत्रिणीच्याही, "वय खोटं सांगितलं तरी विबंध नाही" या वाक्यापुढे मोहोरी बीबीच लिहिलेलं होतं. त्यासाठी लाहोर हायकोर्टाचा 1928 चा खान गुल विरुद्ध लखा सिंग लागतो. तिथे अज्ञानानं खरोखर वय लपवून जमीन विकायचा करार केला, पैसे घेतले आणि मग ताबा द्यायला नकार दिला. पूर्णपीठानं सांगितलं की विबंध लागत नाही, पण पैसे परत कर.

म्हणून आराखड्यात या दोन निकालांच्या ओळी अशा झाल्या:

> मोहोरी बीबी, प्रि. कौ. 1903. सावकाराच्या माणसाला वय माहीत. → करार शून्य, शून्यकरणीय म्हणजे एका बाजूला वाटलं तर रद्द होणारा नव्हे, क. 64, 65 लागत नाहीत कारण ती सक्षम पक्षांच्या करारापासून सुरू होतात. ठरवलं नाही: खरोखर फसवणाऱ्या अज्ञानावर विबंध.
> खान गुल, लाहोर 1928. वय लपवलं, पैसे घेतले. → विबंध नाही. पण पैसेही परत. (अलाहाबाद 1937, अजुधिया प्रसाद: सहमत नाही.)

कंसातला शेवटचा तुकडा म्हणजे ते तिसरं भांडण. वस्तू परत करायची हे ठीक, पण खर्च झालेले रोख पैसे परत करायला लावणं म्हणजे शून्य कराराचीच मागच्या दारानं अंमलबजावणी, असं अलाहाबादचं म्हणणं. दोन हायकोर्टं, दोन मतं. मग आज काय? त्याचं उत्तर निकालात नाही, विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 33 मध्ये आहे. अज्ञान स्वतः दावा लावून दस्त रद्द करून घेत असेल तर कोर्ट त्याला मिळालेला लाभ परत करायला सांगू शकतं. आणि अज्ञानावर दावा झाला, त्यानं अक्षम असल्याचा बचाव घेतला, तर त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरतं परत करायला सांगू शकतं. "जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरतं" या शब्दांखाली लाल रेघ मारा.

एक खबरदारी. जुन्या निकालांत 1877 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 41 येतं. ते 1963 च्या कायद्यात शोधू नका, तिथे कलम 41 वेगळ्याच विषयाचं आहे. मी एक संध्याकाळ यात घालवली आहे.

उरलेले निकाल एकेका ओळीत बसतात. नॅश विरुद्ध इनमन, 1908, केंब्रिजच्या विद्यार्थ्याला अकरा भपकेदार जाकिटं विकली, पण त्याच्याजवळ कपडे आधीच पुरेसे होते, म्हणून ती गरजेची नव्हेत. सूरज नारायण विरुद्ध सुखू अहीर, अलाहाबाद 1928, अज्ञानपणी घेतलेल्या पैशासाठी सज्ञान झाल्यावर नवा कागद लिहून दिला तरी नवं प्रतिफल नसेल तर तो चालत नाही. नऊपैकी दोन निकाल कोणत्याच मथळ्यात नवीन काही सांगत नव्हते. ते मी वगळले, आणि हे करायला धीर लागतो.

घासून पाहणं

आराखडा झाला की तो खरा की खोटा हे वाचून कळत नाही. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, नसतील तर आपणच प्रश्न रचा. माझ्या मावसभावाला गेल्या वर्षी मी हा दिला होता:

वडील वारलेले, चार एकर शेत नावावर असलेला सतरा वर्षांचा मुलगा. जूनमध्ये पेरणीआधी कृषी केंद्रातून 14,000 रुपयांचं कपाशीचं बियाणं आणि खत उधार घेतो. "अठरा झाले" असं सांगतो. त्याच महिन्यात एकाकडून 60,000 रुपयांची सेकंडहँड मोटरसायकल हप्त्यानं घेतो, तेच सांगून. डिसेंबरात अठरा पूर्ण होतात. जानेवारीत दोघांनाही लिहून देतो की सगळे पैसे चुकते करीन. करत नाही. दोघे दावा लावतात.

तो आपला आराखडा घेऊन बसला. मथळा 1, अज्ञान, होय. मथळा 2, दोन्ही करार शून्य. मथळा 3, खोटं सांगितलं, समोरच्याला माहीत नव्हतं, म्हणून मोहोरी बीबी नाही, खान गुल, विबंध नाही. इथपर्यंत पटपट आला. मग थांबला.

"ताई, बियाणं गरजेचं धरायचं का?"

"तूच सांग. नॅश विरुद्ध इनमन कशावर फिरला?"

"आधीच पुरेसं होतं का, यावर."

"मग याच्याजवळ बियाणं होतं का?"

नव्हतं. शेत त्याचं, पोट त्याच्यावर, पेरणीचे दिवस. ते त्याच्या परिस्थितीला साजेसं गरजेचं आहे असं चांगलं मांडता येतं. उलट बाजूनंही मांडता येतं, की कपाशी हे नगदी पीक, घरात खायचं नाही. परीक्षेत दोन्ही मांडावं आणि एक बाजू घ्यावी. गरजेचं धरलं तरी कलम 68 खाली वसुली त्याच्या मालमत्तेतून होते, त्याच्यावर व्यक्तिशः नाही. भावाच्या आराखड्यात हा शेवटचा तुकडा नव्हता. म्हणून मथळा 5 खाली तो तिथल्या तिथे लिहिला.

मोटरसायकल गरजेची म्हणणं अवघड. तिथे मथळा 4: गाडी अजून त्याच्याजवळ असेल तर कलम 33 खाली कोर्ट ती परत करायला सांगू शकतं. त्यानं ती विकून पैसे उडवले असतील तर? जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरतं. लाल रेघ इथे लागली.

जानेवारीचा कागद, मथळा 7. नवं प्रतिफल नाही, तेव्हा सूरज नारायण, कागदाला किंमत नाही. भावानं इथे "त्यानं मान्यता दिली, म्हणून बांधील" असं लिहिलं होतं. कारण त्याच्या आराखड्यात मथळा 7 होता, पण खाली नुसतं निकालाचं नाव होतं, ठरवलं काय ते नव्हतं. आराखड्यात नुसतं नाव लिहिलेला निकाल परीक्षेत नेहमी असाच हातातून सुटतो.

प्रत्येक जुन्या प्रश्नाला हेच करा. आराखडा उघडा ठेवून उत्तराचे मुद्दे काढा आणि अडाल तिथे आराखडा दुरुस्त करा. दोन दिवसांत एका पेपरचे आठ-दहा प्रश्न होतात. सहाव्या-सातव्या प्रश्नापासून दुरुस्त्या कमी होत जातात, तिथे थांबा. मराठीत उत्तरं लिहिणाऱ्यांनी याच वेळी शब्द ठरवून टाकावेत. "शून्य" आणि "शून्यकरणीय" यांत एकदा गोंधळ झाला तर अख्खं उत्तर उलटं वाचलं जातं. माझ्या आराखड्यात प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या ओळीला व्हॉइड, व्हॉइडेबल आणि त्यांचे मराठी शब्द शेजारी लिहिलेले असायचे.

छाटणी

शेवटच्या पाच दिवसांत वीस-पंचवीस पानांचं एक पान करायचं. ते वाचायला नाही, आठवून लिहायला. आराखडा बंद करा, कोऱ्या कागदावर फक्त मथळे आणि निकालांची नावं आठवून लिहा, मग उघडून पाहा काय सुटलं. अज्ञानाच्या प्रकरणाचं माझं छाटलेलं रूप असं उरलं होतं:

> वय 18 → शून्य (मोहोरी) → खोटं? विबंध नाही (खान गुल) → परत? क. 33, लाभापुरतं → गरजेचं? क. 68, मालमत्तेतून (नॅश) → त्याच्या बाजूनं? पूर्ण दिलं तर हो (राघवाचारियार), वचन असेल तर नाही (राजरानी) → मान्यता? नाही (सूरज)

हे एवढं मी दारव्ह्याच्या स्टँडवर बसची वाट पाहत, तिकिटाच्या मागे लिहून पाहायचे. पहिल्या दिवशी राजरानी सुटली. दुसऱ्या दिवशी कलम 33. तिसऱ्या दिवशी काही सुटलं नाही, तेव्हा त्या प्रकरणाला पुन्हा हात लावला नाही आणि प्रतिफलाचं पान काढलं.